सेव्हरन्स हप्त्यांनी, एकरकमी की पगारपटावर राहून? (न्यूयॉर्क-न्यूजर्सीकरांसाठी)

लेऑफचं पत्र हातात आलं की सगळ्यांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते: किती आठवड्यांचा पगार सेव्हरन्स म्हणून मिळणार. तो आकडा बहुधा ठरलेला असतो आणि त्यावर फारसं काही करता येत नाही. पण ते पैसे कोणत्या नावाने आणि कोणत्या तारखेला मिळणार, यावर बोलायला जागा असते. बेकारी भत्ता कधी सुरू होईल आणि ४०१के मध्ये आणखी काही भरता येईल का, हे त्या नावावर आणि तारखेवरच ठरतं.

एक उदाहरण धरू. घर एडिसनला, ऑफिस मॅनहॅटनला, पगार वर्षाला १,५६,००० डॉलर, म्हणजे आठवड्याला ३,०००. नोकरीचा शेवटचा दिवस २ नोव्हेंबर २०२६ आणि सेव्हरन्स १२ आठवड्यांचा, म्हणजे ३६,००० डॉलर.

राहतो न्यूजर्सीत, म्हणून भत्ताही न्यूजर्सीत, असं अनेकांना वाटतं आणि पहिली चूक तिथेच होते. भत्ता राहत्या राज्यातून मिळत नाही, जिथे काम केलं त्या राज्यातून मिळतो. रोज मॅनहॅटनला जाणाऱ्याचा अर्ज न्यूयॉर्ककडे जातो आणि सेव्हरन्सचे नियमही न्यूयॉर्कचे लागतात. घरून काम करणाऱ्यांचा गोंधळ जास्त होतो, कारण आयकर न्यूयॉर्कला कापला जात असला तरी बेकारी विमा न्यूजर्सीचा असू शकतो. पगाराच्या स्लिपमध्ये आयकराऐवजी छोट्या कपाती पाहा. न्यूजर्सीत बेकारी विम्याचा थोडा वाटा कर्मचाऱ्याकडूनही घेतात, त्यामुळे तिथे NJ SUI सारखी ओळ दिसते. नोकरी न्यूयॉर्कची धरली असेल तर NY PFL आणि NY SDI दिसतात. बहुतेक वेळा एवढ्यावरून उलगडा होतो.

आता पर्याय. कंपन्या सर्वाधिक वेळा पुढे करतात तो हप्त्यांचा: नोकरी २ नोव्हेंबरला संपली, पण पुढचे १२ आठवडे पूर्वीसारखे दर पंधरा दिवसांनी ६,००० डॉलर खात्यात येत राहतील. ऐकायला बरं वाटतं, घरखर्चाची घडीही मोडत नाही. पण मला सर्वांत जास्त खटकलं ते इथेच, आणि माझा निर्णयही त्यावरच झाला. स्लिप तीच, तारीख तीच, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपातही तशीच. फक्त ४०१के ची ओळ शून्य. ही कंपनीची चूक नसते. कराच्या नियमांत, नोकरी संपल्यावर नोकरी संपल्याबद्दल दिलेले पैसे ४०१के साठी ‘मोबदला’ धरलेच जात नाहीत. त्यातून तुमचा वाटा कापता येत नाही, म्हणून कंपनीचा जोडवाटाही येत नाही. पेरोलला कितीही विनंती केली तरी उपयोग नाही, कारण योजनेने ते पैसे घेतले तर नंतर परत काढावे लागतात.

म्हणजे निवृत्तीच्या खात्याच्या दृष्टीने हा पगार नाही. मग निदान बेकारी भत्ता तरी मिळावा. तर न्यूयॉर्कचा कामगार कायदा, कलम ५९१(६), सांगतो की सेव्हरन्सची आठवड्याची रक्कम राज्याच्या कमाल भत्त्यापेक्षा जास्त असेल तर त्या आठवड्यांत भत्ता नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ही कमाल ८६९ डॉलर आहे. आपल्या उदाहरणात ३,००० ही त्याच्या कितीतरी वर आहे. १२ आठवडे भत्ता शून्य, ४०१के ही शून्य. दोन्हीकडून दार बंद, आणि स्लिप मात्र पगाराचीच.

मग एकरकमी घ्यावी का? नुसती एकरकमी घेऊन न्यूयॉर्कमध्ये काही सुटत नाही. दोन आठवड्यांत ३६,००० खात्यात आले तर राज्य ती रक्कम तुमच्या आठवड्याच्या पगाराने वाटून टाकतं: ३६,००० भागिले ३,०००, पुन्हा तेच १२ आठवडे.

फरक तारखेने पडतो. त्याच कलमात एक अपवाद आहे. सेव्हरन्सचा पहिला पैसा नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर ३० दिवसांहून उशिरा मिळाला, तर त्या सेव्हरन्समुळे भत्ता अडत नाही. आपल्या उदाहरणात तिसावा दिवस २ डिसेंबर, म्हणजे पैसे ३ डिसेंबरला किंवा नंतर यायला हवेत. मी अगदी काठावर जाणार नाही. करारात ‘११ डिसेंबरनंतरच्या पहिल्या पगारवारी’ असं काहीतरी लिहून घेणं बरं, कारण पेरोल कधीकधी दोन दिवस आधीच पैसे सोडतं. ‘पहिला पैसा’ हे शब्द काटेकोर घ्यायचे आहेत. करारावर सही झाल्याबद्दल सद्भावना म्हणून १,००० डॉलर आधी आणि उरलेले नंतर, अशी मांडणी झाली तर ते १,००० डॉलर सगळा अपवाद घालवतात.

हे मागायला अवघडल्यासारखं वाटू नये. कंपनीचा यात एक पैसाही वाढत नाही, आणि अनेकदा तारीख आपोआपच पुढे जाते. वय ४० किंवा जास्त असेल आणि कपात सामूहिक असेल, तर वयभेदाचे दावे सोडण्याच्या करारावर विचार करायला कायद्याने ४५ दिवस मिळतात आणि सही केल्यावर ती मागे घ्यायला आणखी ७. वैयक्तिक कपातीत ४५ ऐवजी २१. सामूहिक कपातीतले दिवस पूर्ण वापरले तर ५२ दिवस सहज जातात. एवढंच लक्षात ठेवायचं की ते मोजले जातात करार हातात आल्यापासून, आणि ३० दिवस मोजायचे नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून.

हिशोब असा. पहिला आठवडा न्यूयॉर्कमध्ये बिनपैशाचा, प्रतीक्षेचा. उरलेले ११ आठवडे गुणिले ८६९ म्हणजे ९,५५९ डॉलर, आणि त्यावर संघीय कर लागतो. यातली एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: हे सगळे पैसे प्रत्येकासाठी ‘जास्तीचे’ नाहीत. भत्ता २६ आठवड्यांचा आणि तो ५२ आठवड्यांच्या मुदतीत वापरायचा असतो. हप्ते घेणाऱ्याचे १२ आठवडे रिकामे गेले तरी पुढचे २६ तसेच शिल्लक राहतात. नोकरी वर्षभर मिळालीच नाही तर दोघांचा भत्ता सारखाच होतो. खरा फायदा आहे तो तीन-चार महिन्यांत नवी नोकरी मिळणाऱ्याला, कारण हप्तेवाल्याला तोवर भत्त्याचा एकही चेक आलेला नसतो. शिवाय अनेक करारांत नवी नोकरी लागली की उरलेले हप्ते थांबतात. एकरकमी मिळालेले पैसे असे थांबत नाहीत.

तिसरा पर्याय दिसायला हप्त्यांसारखाच, पण आतून पूर्ण वेगळा: नोकरी २ नोव्हेंबरला संपवायचीच नाही. काम नाही, लॅपटॉप परत, पण १२ आठवडे पगारपटावर कर्मचारी म्हणूनच नाव, आणि नोकरीची शेवटची तारीख जानेवारीच्या शेवटी. आता मिळतो तो खरा पगार. ४०१के चालू राहतं. १० टक्के कापत असाल तर ३,६०० डॉलर, आणि कंपनी ४ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर जोडत असेल तर वर १,४४०. २०२६ ची तुमच्या वाट्याची मर्यादा २४,५०० आहे. वर्षभर १० टक्क्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत साधारण १३,२०० भरले गेले असतील, तेव्हा डिसेंबरअखेरपर्यंत टक्केवारी वाढवायलाही वाव आहे. या काळात भत्ता मात्र मिळत नाही, आणि तो मागूही नये, कारण तुम्ही बेकार नाहीच.

पैशाचा तराजू मला तरी दुसऱ्या पर्यायाकडे, ३० दिवसांनंतरच्या एकरकमीकडे, झुकलेला दिसतो. पण काहींसाठी तिसरा निर्विवाद बरा. काही योजना जोडवाटा फक्त ३१ डिसेंबरला नोकरीत असणाऱ्यांनाच देतात. २ नोव्हेंबर आणि जानेवारी यांत तिथे अख्ख्या वर्षाच्या जोडवाट्याचा फरक पडतो. व्हेस्टिंगला महिनाभरच उरला असेल तरी तेच. ज्यांचं ५५ वं वर्ष २०२७ मध्ये पूर्ण होतं, त्यांची नोकरी २०२७ मध्ये संपली तर त्याच कंपनीच्या ४०१के मधून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. २०२६ मध्ये संपली तर ही सवलत जाते. आणि एच-१बीवर असाल तर भत्ता मिळणं मुळातच कठीण, कारण ‘कोणतंही काम घ्यायला मोकळा’ ही अट अडते. तिथे नोकरीची तारीख लांबवणं बहुधा जास्त मोलाचं. बिनकामाचा पगारी काळ इमिग्रेशनच्या दृष्टीने कसा मोजला जाईल, हे मात्र सहीआधी वकिलाला दाखवा.

एकरकमी घेणाऱ्याला ४०१के चं नुकसान थोडं भरून काढता येतं. बातमी कळताच शेवटच्या नियमित पगारातली टक्केवारी वाढवा. बदल लागू व्हायला एखादी पगारवारी जाते, म्हणून वाट पाहू नका. शिल्लक रजेचे पैसे सेव्हरन्समध्ये मिसळू न देता वेगळ्या नावाने मागा. योजनेत तशी तरतूद असेल तर त्यातून ४०१के कापता येतं, सेव्हरन्समधून कधीच नाही. सेव्हरन्स आयआरएसाठी मात्र कमाई धरली जाते, बेकारी भत्ता धरला जात नाही. ४०१के वर कर्ज असेल तर नोकरी संपल्यावर योजना ते वळतं करून घेते. तेवढी रक्कम त्या वर्षाच्या कर विवरणाच्या मुदतीपर्यंत, वाढीव मुदत धरून, आयआरएमध्ये भरली तर कर आणि दंड टळतो.

न्यूजर्सीत काम करणाऱ्यांना ३० दिवसांची कसरत लागत नाही. तिथे सेवेच्या वर्षांवर आधारलेली एकरकमी सेव्हरन्स भत्ता अडवत नाही. पगार आणि इतर सोयी चालू ठेवून हप्ते दिले तर मात्र नोकरीच लांबली असं धरतात आणि भत्ता तेवढा पुढे जातो. हप्त्यांबद्दलचं माझं मत तिथेही बदलत नाही.

अर्ज कोणत्याही पर्यायात शेवटच्या दिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात करा. सेव्हरन्स लपवू नका: रक्कम आणि पैसे मिळण्याची तारीख लिहा. अडचण बहुतेक वेळा इथून सुरू होते की कंपनीचा एचआर राज्याला नुसतं ‘१२ आठवडे सेव्हरन्स’ कळवतो, तारीख कळवत नाही, आणि भत्ता थांबतो किंवा दिलेला परत मागितला जातो. मग कराराचं तारखेचं पान आणि पैसे जमा झाल्याचं बँकेचं पान जोडून सुनावणी मागायची. ही दोन पानं पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवा.