चाळीस कडव्यांचं स्तोत्र: चौपाईत बांधावं की ओवीत?

माहेरच्या वाघजाईवर चाळीस कडवी लिहायची असं ठरलं, तेव्हा माझ्यापुढे दोन नमुने होते. एक हनुमान चालिसाचा, जो गावातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. दुसरा आपल्या पोथ्यांचा, म्हणजे देविदासांच्या व्यंकटेश स्तोत्रासारखा ओवीबद्ध. दोन्हींत आरंभी वंदन आहे, मध्ये स्तुती आहे, शेवटी फलश्रुती आहे. वरवर पाहता फरक फक्त भाषेचा वाटतो. लिहायला बसलं की कळतं, दोघांची बांधणीच वेगळी आहे, आणि चुकीची निवडली तर वीस-पंचवीस कडव्यांनंतर सगळं मोडून पुन्हा सुरू करावं लागतं. माझं तसंच झालं.

पहिला फरक मोजणीचा. चालिसात वंदन चाळीसच्या बाहेर असतं. हनुमान चालिसात आधी दोन दोहे येतात, मग चाळीस चौपाया, मग एक दोहा. दोह्याच्या ओळीत तेरा आणि अकरा मिळून चोवीस मात्रा, चौपाईच्या चरणात सोळा. इथे अनेक जण फसतात. शास्त्राप्रमाणे चौपाईचे चरण चार, पण चालिसातली प्रत्येक क्रमांकित चौपाई दोनच चरणांची, म्हणजे अर्धाली आहे. चाळीस गुणिले बत्तीस, म्हणजे 1280 मात्रा, आणि तीन दोह्यांच्या 144. एवढ्यात सगळं बसतं, म्हणून ती एका दमात म्हणून होते. हे न कळता चार-चार चरणांची चाळीस कडवी लिहिली तर स्तोत्र दुप्पट लांब होतं आणि आरतीच्या वेळेला कोणी ते पुरं करत नाही.

ओवीच्या पोथीत वंदन मोजणीच्या आत असतं. व्यंकटेश स्तोत्राच्या 108 ओव्यांची सुरुवातच ‘ॐ नमो जी हेरंबा’ अशी गणपतीला नमस्कार करून होते. मग सरस्वती, सद्गुरू, संत असं करत मूळ विषय येतो. 108 ओव्या असल्या तर एवढी ऐसपैस सुरुवात शोभते. चाळीसच असतील तर हिशेब घट्ट करावा लागतो. मी ओवीतल्या पहिल्या खर्ड्यात गणपती, शारदा, गुरू, कुलदैवत, गावचा भैरोबा असं सगळ्यांना नमन केलं आणि नवव्या ओवीपर्यंत वाघजाईचं नावच आलं नाही. चाळीसची ओवी करायची असेल तर वंदनाला तीन ओव्या पुरेत, चौथीत देवतेचं नाव यायलाच हवं.

दोह्याचा आणखी एक गुण मला गावात म्हणून पाहिल्यावर कळला. भजनी ठेका आठ मात्रांचा. सोळा मात्रांचा चरण त्यात दोन आवर्तनांत चपखल बसतो. दोह्याचे तेरा-अकरा तसे बसत नाहीत, म्हणून दोहा आपोआप ठेक्याबाहेर, सावकाश, एकट्याच्या आवाजात म्हटला जातो. तो संपला की झांज सुरू होते आणि सगळे एकदम उचलतात. शेवटी पुन्हा झांज थांबते आणि दोहा येतो. आरंभ आणि समाप्ती वेगळी सांगावीच लागत नाही, कानाला कळते. माझा आरंभीचा दोहा असा:

वंदुनि गणपति शारदा । सद्गुरु चरणी लीन
वाघजाइचे यश म्हणे । बालक हा मतिहीन

‘वाघजाईचे’ ऐवजी ‘वाघजाइचे’ केलं, कारण एक मात्रा जास्त होत होती. असे ऱ्हस्व-दीर्घाचे बदल मराठी पद्यात पूर्वापार चालत आले आहेत, पण एका कडव्यात एकच घ्यावा. दोन-तीन घेतले की म्हणणारा अडखळतो.

ओवीत अशी अडवणूक नाही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा थोडा आखूड आणि बिनयमकाचा, अक्षरसंख्येला मोकळीक. मराठी बोलण्याची लय ओवीत जशीच्या तशी उतरते. चौपाई अवधीतली. त्या भाषेत शब्द आखूड आहेत आणि विभक्ती पुष्कळदा गाळता येते. मराठीत ‘भक्तांच्यासाठी’ एवढ्या एकाच शब्दाने दहा मात्रा खाल्ल्या, उरल्या सहा. म्हणून मराठी चौपाईत, म्हणजे आपल्या पादाकुलकाच्या चालीत, लिहिणारा नकळत तयार तुकडे वापरू लागतो. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं हे कडवं बघा:

संकटकाळी धावत येसी । भक्तजनांना दर्शन देसी

मात्रा सोळा-सोळा, यमक ठीक, चूक काहीच नाही. पण हे कडवं कुठल्याही देवाला लागू आहे. शिवाय मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, म्हणून यमकाची जागा क्रियापद बळकावतं. खर्ड्यात ‘-सी’ने संपणारी सतरा कडवी निघाली. म्हणताना ती एकमेकांत मिसळतात आणि कोणतं आधी, कोणतं नंतर हे कुणालाच आठवत नाही. पाठांतर तुटतं ते नेमकं तिथे. स्तुतीचा सूर स्थिर हवा हे खरं, पण स्थिर छंद ठेवायचा असतो, वाक्य नव्हे.

मी ते कडवं काढलं आणि गावात जे सांगतात ते घातलं. वाघजाई घाटमाथ्यावरची राखणदार आहे. धुक्यात वाट चुकलेल्या गुराख्याला देवळाची घंटा ऐकू येते, हे मी आजीकडून ऐकलेलं.

गुरे राखिता वाट चुकावी । घंट तुझी मग कानी यावी

हीच गोष्ट ओवीत अशी झाली होती:

गुरे राखिता डोंगरी । वाट चुकले अंधारी ।
घंटा वाजली शिखरी । आले घरी लेकरू ॥

मला विचाराल तर कविता म्हणून ओवी सरस आहे. ‘आले घरी लेकरू’ हा आखूड चरण जो दिलासा देतो, तो चौपाईला जमलाच नाही. गोष्ट सांगायची असेल, देवीचा उगम, कुणाला झालेला दृष्टांत, जीर्णोद्धार असं काही क्रमाने मांडायचं असेल, तर ओवीच घ्यावी. चौपाईच्या दोन चरणांत एक प्रसंग मावतो, गोष्ट मावत नाही.

अनुष्टुभाची चालही काहींना मोहवते, कारण समर्थांचं मारुती स्तोत्र कानात असतं. ती मराठीत साधायला हात फार तयार लागतो. पहिल्याच रचनेला ती घेऊ नये.

आता फलश्रुती. दोन्ही नमुन्यांत सगळ्यात मोठा फरक इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चालिसाची फलश्रुती शेवटच्या दोह्यात असते असं बहुतेकांना वाटतं. हनुमान चालिसात तसं नाही. फळ चोविसाव्या चौपाईपासूनच झिरपायला लागतं: भूतपिशाच जवळ येत नाही, पंचविसाव्यात रोग जातो, सव्विसाव्यात संकट सुटतं. पाठाचं फळ म्हणून स्पष्ट उल्लेख अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्यात येतो, शंभर वेळा पाठ करणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा. चाळिसाव्यात तुलसीदासांची मुद्रा, म्हणजे कवीने कडव्यात गुंफलेलं स्वतःचं नाव. शेवटचा दोहा फळ सांगतच नाही, तो ‘हृदयात वस्ती कर’ एवढं मागणं मागतो. फळ चाळीसच्या आत आणि मागणं बाहेर, ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. म्हणणारा शेवटी हिशेबावर थांबत नाही, देवापाशी थांबतो.

ओवीच्या पोथीत फलश्रुती तपशिलात शिरते. व्यंकटेश स्तोत्रात पुत्रार्थियाने तीन महिने, धनार्थियाने एकवीस दिवस असं कालमानच दिलं आहे. अनुष्ठान म्हणून पोथी वाचणाऱ्याला तो नेम हवा असतो. पण चाळीस ओव्यांत तसा तपशील घातला तर सात-आठ ओव्या त्यातच जातात. आणि आज लिहिणाऱ्याने रोगांची नावं घेऊन फळ सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुणीतरी औषध सोडून पाठ धरेल.

मग फळ कोणतं सांगायचं? जे स्तुतीत आधी येऊन गेलं आहे तेच. घंटेचं कडवं बाराव्या जागी होतं, म्हणून एकोणचाळिसाव्यात हे लिहिता आलं:

चाळिस कडवी म्हणता रात्री । वाट चुकेना, ऐशी खात्री

यात संख्याही आली. मारुती स्तोत्रात समर्थांनी ‘हे धरा पंधरा श्लोकी’ म्हणून मोजणी आतच बांधून ठेवली आहे. संख्या आत असली की पुढे कुणी हौसेने दोन कडवी वाढवली तर लगेच उघडं पडतं.

माझी शेवटची मांडणी अशी राहिली: बाहेर एक दोहा, पहिल्या सहांत ठाणं आणि रूप, सात ते वीस राखणीचे प्रसंग, एकवीस ते तीस पेरणीपासून नवरात्रापर्यंतची गावाची सेवा, एकतीस ते सदतीस मागणं, मग दोन फलश्रुतीची, एक मुद्रेचं, बाहेर पुन्हा दोहा. मागणं सातांवर जाऊ दिलं नाही. पहिल्या खर्ड्यात ते चौदांवर गेलं होतं आणि म्हणून बघताना तिसाव्या कडव्यानंतर बायकांचे आवाज पडू लागले. नुसतं ‘दे, दे’ म्हणायला आवाज लागत नाही, असं एक काकू म्हणाल्या.

ठरवताना एकच विचारा: हे कोण म्हणणार? जत्रेत, पालखीपुढे, झांजेवर पन्नास माणसं म्हणणार असतील तर चौपाई घ्या आणि कवितेतली थोडी हानी सोसा. दिवेलागणीला एकटी बाई पोथी पुढे घेऊन वाचणार असेल तर ओवी घ्या, वंदन तीन ओव्यांत आटोपा, आणि गोष्ट सविस्तर सांगा. दोन्हींची सरमिसळ, म्हणजे दोह्याने सुरुवात करून मध्ये ओव्या, मी करून पाहिली. ठेका लागत नाही आणि वाचायलाही खटकते.

मी चौपाई घेतली, कारण गावाला जत्रेसाठी हवी होती. मुद्रेत नाव घातलं नाही. देवीची ओटी भरतात, म्हणून चाळिसावं कडवं असं झालं:

लेक गावची, बुद्धी छोटी । शब्दफुलांची भरली ओटी