पोर्ट्रेट मोड, सात महिन्यांनी: खिडकी जमली की ब्लर कमी लागतो

फोन घेऊन सात महिने झाले. बेळगावात शहापूरला आमचं जुनं घर आहे. एवढ्या दिवसांत घरच्यांचे प्रोफाइल फोटो पोर्ट्रेट मोडवर मीच काढले.

पहिला फोटो पुतणीचा, नोकरीच्या प्रोफाइलसाठी. संध्याकाळी सात वाजता, ट्यूबलाइट लावून, लाकडी कपाटाला टेकून उभी केली होती. फोटो बघून ती म्हणाली, "काका, माझा झुमका कुठं गेला?" अर्धा झुमका आणि कानामागचे केस ब्लरमध्ये विरघळले होते. केस काळे, कपाट गडद, त्यात उजेड कमी. चेहरा कुठं संपतो आणि मागचं कुठं सुरू होतं, हे फोनला ठरवताच आलं नाही. पोर्ट्रेट मोडमधला ब्लर बहुतांशी असा अंदाजानं लावलेला असतो. त्यामुळे केस, चष्म्याची काडी, गजरा अशा बारीक कडांवर तो आधी चुकतो.

श्रावणात एका ढगाळ सकाळी दहाला तोच फोटो पुन्हा काढला. सोप्यातली खिडकी उत्तरेची, त्यामुळे थेट ऊन येत नाही. ट्यूबलाइट बंद केली, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट दिसतो. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर स्टूल ठेवून तिला थोडी तिरकी बसवली, म्हणजे उजेड समोरून-बाजूनं आला. दुसऱ्या गालावर सावली जड पडली होती, म्हणून त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली. सावली लगेच हलकी झाली. मागची फिकट भिंत पाच-सहा फूट लांब होती.

मी चार-पाच फुटांवरून, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरून 2x वर फोटो घेतला. जवळून काढला तर नाक मोठं दिसतं. स्क्रीनवर तिच्या डोळ्यावर बोट टेकवून उजेड किंचित कमी केला. नंतर एडिटमध्ये ब्लर f/1.8 वरून f/4 वर आणला. आकडा वाढला की ब्लर कमी होतो आणि कडांच्या चुकाही झाकल्या जातात. यावेळी झुमका पूर्ण आला.

दुपारी मात्र आमच्या अंगणातल्या तांबड्या मातीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली लालसर छटा टाकतो. पातळ पांढरा पडदा लावला तर कडक उजेड मऊ होतो, पण ही छटा जात नाही. म्हणून मी सकाळच धरतो.

आत्याचा चष्मा अजून त्रास देतो. काचेत खिडकी चमकते. मान जरा खाली करायला सांगितली की चमक जाते, पण काचेच्या कडेजवळचा ब्लर कधीकधी चुकतोच. अशा वेळी साधा फोटो घेऊन ब्लर सोडून देतो. पासपोर्टच्या फोटोला तर हा मोड लावतच नाही.