सावळ्या आणि गडद त्वचेसाठी ब्लश: क्रीम घ्यावं की पावडर?

गडद त्वचेवर ब्लश दोन प्रकारे फसतं. एक तर लावलेलं दिसतच नाही, नाहीतर गालाला राख फासल्यासारखं दिसतं. राखेमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं, ते म्हणजे रंगात मिसळलेला पांढरा. म्हणून क्रीम की पावडर हा हिशोब तिथूनच सुरू करायला हवा.

पावडर ब्लशमध्ये टाल्क, अभ्रक किंवा केओलिन माती यांचा भरणा असतो, रंगद्रव्य त्यामानाने थोडं. त्यात फिका गुलाबी किंवा पीच हवा असला की टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य घालतात. गोऱ्या गालावर ते खपून जातं. तपकिरी गालावर मात्र त्या पांढऱ्याचा पातळ थर बसतो आणि करडा दिसतो. आणखी लावून काही साधत नाही, कारण दर थरागणिक पांढराही वाढतो. क्रीममध्ये रंग तेलात, मेणात किंवा सिलिकॉनमध्ये भिजलेला असतो. भिजलेला रंग जास्त गडद आणि पारदर्शक दिसतो, त्यामुळे खालची त्वचा झाकली जात नाही. म्हणून साधारण चुका क्रीम पोटात घालतं. पण क्रीम घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. दुधाळ गुलाबी क्रीमसुद्धा गडद गालावर करडंच दिसेल.

दुकानात हे ओळखायला मिनिट पुरतं. टेस्टर मनगटाच्या आतल्या बाजूला लावू नका, ती त्वचा गालापेक्षा उजळ असते. जबड्याच्या कडेला बोटभर जाड रेघ ओढा आणि कोरड्या बोटाने तिचा अर्धा भाग पसरवत न्या. कडेला रंग नुसता विरळ झाला तर शेड चालेल. कड पांढुरकी झाली तर डबी जागेवर ठेवा. हे दाराशी, उजेडात जाऊन बघा, कारण आतल्या पिवळ्या दिव्यात करडेपणा लपून जातो. वेष्टनावर सीआय ७७८९१ लिहिलेलं असतं ते टायटॅनियम डायऑक्साइडच, पण बऱ्याच कंपन्या सगळ्या शेड्सची मिळून एकच यादी छापतात. त्यामुळे यादीपेक्षा त्या रेघेवर विश्वास ठेवलेला बरा.

डबीत बघून ‘एवढा भडक कसा लावायचा?’ असं वाटणारी शेडच गडद त्वचेवर बहुधा बरोबर बसते. सावळ्या रंगाला डाळिंबी, विटकरी, गडद कोरल चांगले दिसतात. त्याहून गडद त्वचेवर राणी, वाइन, बीटचा रंग किंवा तांबूस नारिंगी. त्वचेत सोनेरी झाक असेल तर विटकरी आणि नारिंगी लवकर मिसळतात, तांबूस किंवा निळसर झाक असेल तर वाइन आणि राणी.

आता निवडीचं बोलू. गाल कोरडे असतील, खपल्या धरत असतील किंवा चेहऱ्यावर बारीक लव असेल तर क्रीम घ्या, कारण पावडर त्या खपल्यांवर आणि लवेवर अडकून उठून दिसते. गाल दुपारपर्यंत तेलाने चमकत असतील, मुरमं येत असतील किंवा घामात तासन् तास काढायचे असतील तर पावडर बरी. मेणाचं जाड क्रीम मुरमांच्या त्वचेला मानवेलच असं नाही, आणि गडद त्वचेवर मुरमाचा काळा डाग महिनोन् महिने रेंगाळतो. गालाच्या हाडावर वांग असेल तर दोन्ही प्रकारांत एक अडचण येते. वांगावर थेट लावलेला गुलाबी मळकट दिसतो. आधी त्या जागेवर नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ थर द्या, त्यावर फाउंडेशन आणि मग ब्लश. पावडर घ्यायचीच असेल तर जास्त रंगद्रव्याची, गडद शेडचीच घ्या. फिकी पावडर आणि गडद गाल यांचं कधीच जमत नाही.

खरं नैसर्गिक दिसणं ठरतं ते जागेवर. ‘हसा आणि गालाचा फुगवटा येईल तिथे लावा’ हा सल्ला बहुतेकींनी ऐकलेला असतो, पण हसू ओसरलं की तो फुगवटा खाली येतो आणि रंगही त्याच्याबरोबर उतरतो. गालाच्या हाडाखालच्या खोलगट भागात आधीच सावली असते. तिथे वाइन किंवा जांभळा रंग पडला की तो लाली वाटत नाही, मार लागल्यासारखा दिसतो. म्हणून चेहरा सरळ ठेवून बोटाने हाड चाचपा. नाकापासून दोन बोटं सोडून सुरुवात करा, नाकपुडीच्या रेषेखाली जाऊ नका आणि हाडाच्या वरच्या अंगाने कानशिलाकडे तिरकं न्या. उजेड नेमका तिथेच पडतो, म्हणून रंग त्वचेतून आल्यासारखा दिसतो. शेवटी बोटावर उरलेला रंग नाकाच्या दांड्यावर नुसता टेकवा. उन्हात तिथेही लाली येतेच.

क्रीमसाठी एका गालाला तांदळाच्या दाण्याएवढे दोन ठिपके पुरतात. आधी हाताच्या पाठीवर बोटाने थोडं गरम करा, मग गालावर थापत लावा. घासलं तर खालचं फाउंडेशन निघून चट्टे पडतात. पावडरला मध्यम आकाराचा मऊ ब्रश घ्या, डबीत एकदाच टेकवा, दांडी मनगटावर आपटून जास्तीची झटका आणि इथे मात्र उलट, कानाकडून नाकाकडे या. पहिला स्पर्श जिथे होतो तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो, तो बाहेरच्या बाजूला पडू द्या. ओलसर फाउंडेशनवर पावडर लावली की ती ठिगळांसारखी धरते, म्हणून आधी फाउंडेशन हलकेच सेट करा. त्यासाठी पांढरी ट्रान्सल्युसंट पावडर नको, त्वचेच्या रंगाची घ्या. पांढरीने फोटोत फ्लॅश पडला की गाल करडे येतात.

उदाहरण म्हणून मुंबईतलं मे महिन्यातलं लग्न घ्या. नवरीची करवली गडद सावळी, सोनेरी झाकेची, गाल दुपारी तेलकट. सकाळी ९ ला तयार व्हायचंय, ३ पर्यंत टिकायला हवं. इथे दोन्ही प्रकार एकावर एक लागतील. आधी सनस्क्रीन, आणि तो झिंक ऑक्साइडवाला पांढरा पडणारा नको, कारण त्यात क्रीम मिसळलं की विटकरीचा फिका गुलाबी होतो. सनस्क्रीन मुरायला दहा-पंधरा मिनिटं द्या. मग फाउंडेशन, त्यावर विटकरी क्रीमचा एकेकच ठिपका. एक मिनिट थांबून त्वचेच्या रंगाची पावडर दाबून लावा आणि वर त्याच विटकरी रंगाची पावडर ब्लश एकदा फिरवा. हा क्रम उलटा करता येत नाही. पावडरवर क्रीम लावलं तर त्याच्या गोळ्या होऊन वळ्या निघतात.

रंग जास्त झाला तर पांढरी पावडर मारून झाकू नका. ज्या स्पंजने फाउंडेशन लावलं तोच, वर काहीही न घेता, रंगाच्या कडांवर दाबत फिरवा. दुपारी गाल चमकायला लागले की आधी टिश्यू नुसता दाबून तेल टिपा, पुसू नका. रंग उडाला असेल तर पर्समधली पावडरच पुन्हा लावा, क्रीम घरीच राहू द्या.