पहिल्या परतीच्या वाटा मोजताना: परावर्तन की जनरेटिंग फंक्शन?

रँडम वॉकमध्ये सुरुवातीच्या जागी परत येणाऱ्या वाटा मोजणं सोपं असतं. ८ पावलांत परत यायचं तर ४ इकडे आणि ४ तिकडे पडली पाहिजेत, म्हणून C(8,4) = 70. पेच पुढच्या प्रश्नात आहे: यांपैकी किती वाटा आठव्या पावलालाच *पहिल्यांदा* परत येतात? त्यासाठी दोन रीती रूढ आहेत, जनरेटिंग फंक्शनची आणि परावर्तनाची. म्हापशात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवताना मी दोन्ही वापरल्या आहेत. कोणती आधी घ्यावी असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उदाहरणाला पणजी-रायबंदरचा सरळ बांध घेऊ. बांधावर कुठेतरी मधोमध उभे राहा. रायबंदरकडे एक पाऊल म्हणजे +1, पणजीकडे एक म्हणजे −1, आणि प्रत्येक पाऊल नाणं उडवून ठरतं. उभं राहिलो ती जागा 0.

जनरेटिंग फंक्शनची रीत दिसायला देखणी आहे. परतीच्या कोणत्याही वाटेचे दोन भाग पडतात: पहिल्या परतीपर्यंतचा आणि उरलेला. सगळ्या परतींचं फंक्शन U आणि पहिल्या परतींचं F धरलं, तर हे एका ओळीत मावतं: U = 1 + F·U. दोन पावलांमागे x चा एक घात मोजला की U = 1/√(1−4x), म्हणून F = 1 − √(1−4x). संपलं! फळ्यावर हे तीन ओळींत उतरतं आणि मुलं खूश होतात.

खरा त्रास त्यानंतर सुरू होतो, आणि माझा कौल त्यानेच ठरवला. आपल्याला फंक्शन नको असतं, त्यातला एक आकडा हवा असतो. आठ पावलांसाठी x⁴ चा सहगुणक काढायचा म्हणजे वर्गमूळ द्विपद श्रेणीत उलगडायचं: ½ · (−½) · (−3/2) · (−5/2), भागिले 24. ते येतं −5/128. त्याला (−4)⁴ म्हणजे 256 ने गुणलं की −10, आणि बाहेरच्या उणे चिन्हामुळे शेवटी 10. उत्तर बरोबर आहे, पण उणे चिन्हं तीन ठिकाणांहून येतात आणि अपूर्णांकांची रांग लागते. वहीत एखादं चिन्ह सुटलं तर उत्तर ऋण येतं, उणे चिन्हाचा एखादा अवयव सुटला तरी ऋणच येतं, तेव्हा चूक निदान कळते तरी. पण हे सगळं अचूक जमलं तरीही वर्गात एक प्रश्न हमखास येतो. एका मुलीने तो विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं: "सर, ह्यो धा वाटो खंयच्यो?" या दहा वाटा कोणत्या? श्रेणीकडे पाहून ते सांगता येत नाही. आपण वाटा मोजत होतो, आणि मधल्या आकडेमोडीत एकही वाट दिसली नाही.

परावर्तनात प्रत्येक पायरीला वाटच हातात असते. पहिलं पाऊल रायबंदरकडे पडलं असं धरू. पहिली परत आठव्या पावलाला हवी, तर सातव्या पावलानंतरही आपण +1 वरच असायला हवं, आणि मधल्या सहा पावलांत 0 ला शिवता कामा नये. +1 पासून +1 पर्यंत सहा पावलांच्या एकूण वाटा C(6,3) = 20. यांतल्या 0 ला शिवणाऱ्या वाटा वजा करायच्या आहेत. अशी एक वाट बघा:

```
मूळ:     1,  2,  1, 0, -1, 0, 1
उलटलेली: -1, -2, -1, 0, -1, 0, 1
```

पहिल्यांदा 0 ला शिवेपर्यंतचा भाग उलटा केला, पुढचा तसाच ठेवला. नवी वाट −1 पासून +1 ला जाते. उलट बाजूनेही बघा: −1 पासून +1 ला जाणारी कुठलीही वाट, पावलं एकेकाचीच असल्यामुळे, 0 वरून गेल्याशिवाय पोचूच शकत नाही. तिचा सुरुवातीचा भाग उलटवला की नेमकी एक मूळ वाट परत मिळते. जोड्या बिनचूक लागतात, म्हणून शिवणाऱ्या वाटा C(6,4) = 15. उरल्या 5. पणजीच्या बाजूच्याही 5, एकूण 10. त्या मुलीला हव्या होत्या त्यांतल्या रायबंदरकडच्या पाच अशा:

```
++++----
+++-+---
+++--+--
++-++---
++-+-+--
```

इथेही घसरायला जागा आहे. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 0 ऐवजी −1 च्या रेषेत उलटवणं. मग C(8,4) − C(8,3) = 14 आणि दुप्पट करून 28 येतं. हा पूर्णांक आहे, धन आहे, म्हणून संशय येत नाही. पण तो 0 ला शिवलेलं चालेल, ओलांडलेलं चालणार नाही, या वेगळ्या प्रश्नाचा आहे. पडताळा चार पावलांवर घ्यावा. तिथे पहिल्या परतीच्या वाटा दोनच आहेत, ++−− आणि −−++. चुकीच्या रेषेने 4 येतात.

आंद्रे या फ्रेंच गणितज्ञाचं नाव या रीतीला सरसकट जोडलं जातं. त्यांचा १८८७ चा लेख मतमोजणीच्या प्रश्नावर होता आणि त्यात उलटवणं नव्हतं. ते पुढे आलं. शिकवताना एवढं सांगितलेलं बरं.

परत येणं निश्चित आहे हे जनरेटिंग फंक्शन झटकन सांगतं, हे मान्य करायला हवं. x = ¼ घातलं की F = 1. परावर्तनाला थोडा वळसा पडतो, पण मला तो वळसाच जास्त आवडतो. 2n पावलांत एकदाही न परतणाऱ्या वाटा C(2n,n) च असतात, म्हणजे आठ पावलांत 256 पैकी 70, साधारण २७ टक्के. शंभर पावलांनंतरही जवळपास ८ टक्के वाटा परतलेल्या नसतात, आणि दहा हजारांनंतर ०.८ टक्के. परत येणार हे नक्की, पण सरासरी वाट अनंत का पाहावी लागते, हे या आकड्यांच्या संथ उतारात दिसतं. नाणं एका बाजूला झुकतं असलं तरी वाटांची मोजणी तीच राहते, आणि परतीच्या प्रत्येक वाटेत दोन्ही बाजूंची पावलं सारखीच असल्यामुळे तेवढ्याच पावलांच्या सगळ्या परतीच्या वाटांची शक्यताही एकसारखी असते; परत येणं मात्र तेव्हा निश्चित राहत नाही.

तेव्हा पावलं ±1 ची असतील आणि चाल एका रेषेवरची असेल, तर मी परावर्तन आधी घेईन. ज्यांचा हात श्रेणींवर बसलाय त्यांना कदाचित वेगळं वाटेल.

पाऊल +2 किंवा −1 असं असेल तर मात्र परावर्तन सोडून द्यावं. उलटवल्यावर −1 चं +1 होतं, आणि तसं पाऊल या चालीत नाहीच. तिथे U = 1 + F·U हेच समीकरण कामाला येतं, वर्गमूळ न उलगडता. तीन पावलांत परतणाऱ्या वाटा C(3,1) = 3 आणि सहांत C(6,2) = 15. त्या 15 पैकी 3 × 3 = 9 वाटा तिसऱ्या पावलालाच एकदा परतून गेलेल्या आहेत. म्हणून सहाव्या पावलाला पहिल्यांदा परतणाऱ्या 6.