चोवीस बरण्या, तीन खोकी: कोणत्या मापाला किती बोर्ड लागतो?

लोणच्याच्या अर्धा किलोच्या प्लॅस्टिक बरण्या. बरणीचा व्यास ७९ मिमी, थोडी मोकळीक धरून ८०; उंची १२०. एका खोक्यात २४ हव्यात. गिऱ्हाईक विचारतं, "खोका केवढ्याला पडेल?" त्यावर माझा उलट प्रश्न असतो, "बरण्या मांडणार कशा?" सहा गुणिले चार असा एकच थर, चार गुणिले तीनचे दोन थर, की चार गुणिले दोनचे तीन थर? आतली जागा तिन्हीकडे सारखीच, पण पुठ्ठा सारखा लागत नाही.

त्याआधी माप सांगायची पद्धत. खोक्याच्या उघडणाऱ्या तोंडाची मोठी बाजू म्हणजे लांबी, लहान बाजू म्हणजे रुंदी आणि तोंडापासून तळापर्यंत उंची. तिन्ही मापं आतली. नेहमीच्या स्लॉटेड खोक्यात सगळे फ्लॅप सारख्या लांबीचे असतात आणि लांबीच्या बाजूचे, म्हणजे बाहेरचे, दोन फ्लॅप मधोमध भेटतात. म्हणून प्रत्येक फ्लॅप रुंदीच्या निम्मा.

आता खोका उलगडून जमिनीवर पसरा. एका टोकाला चिकटवायची पट्टी, मग लांबी, रुंदी, लांबी, रुंदी अशा चार भिंती. या दिशेच्या मापाला आम्ही कटिंग म्हणतो. आडव्या दिशेला वरचा फ्लॅप, उंची, खालचा फ्लॅप, हे डेकल. फ्लूटच्या, म्हणजे पुठ्ठ्यातल्या नागमोडी कागदाच्या, नळ्या डेकलच्या दिशेने धावतात, म्हणजे उभ्या खोक्यात त्या उभ्या राहतात आणि वरचं वजन पेलतात. कागद वाचवायला शीट फिरवून कापलं की नळ्या आडव्या होतात आणि खोका थप्पीत लवकर बसतो.

खरा घोळ जाडीत होतो. बी फ्लूटचा थ्री प्लाय बोर्ड साधारण ३ मिमी जाड. क्रीझवर दुमडला की दोन्ही कोपऱ्यांत अर्धी-अर्धी जाडी खर्च होते, म्हणून क्रीझ ते क्रीझ भिंत आतल्या मापापेक्षा एक जाडीने मोठी घ्यायची: ४८० ची ४८३. शेवटची भिंत मात्र २ मिमी कमी, नाहीतर जोडाजवळ तिची कड बाहेर येते. उंचीला दोन जाड्या. आतल्या लहान फ्लॅपना एकच पुरेशी असते. पण मोठे फ्लॅप त्यांच्यावरून बसतात आणि वर-खाली मिळून त्यांना तीन लागतात. क्रीझ सगळ्यांची एकाच रेषेत असल्यामुळे मधला आकडा धरतात. उंचीला काहीच वाढ दिली नाही, तर खोका बंद केल्यावर झाकण फुगून वर येतं आणि टेप उलते.

या हिशेबाने, ३५ मिमीची पट्टी धरून:

| आतलं माप (मिमी) | कटिंग | डेकल | बोर्ड |
|---|---|---|---|
| ४८०×३२०×१२०, एक थर | १६४५ | ४४९ | ०.७३९ चौ. मी. |
| ३२०×२४०×२४०, दोन थर | ११६५ | ४८९ | ०.५७० चौ. मी. |
| ३२०×१६०×३६०, तीन थर | १००५ | ५२९ | ०.५३२ चौ. मी. |

मधला खोका सुटा करून दाखवतो. कटिंग: ३५ + ३२३ + २४३ + ३२३ + २४१. डेकल: उंची २४६ आणि दोन फ्लॅप प्रत्येकी १२१.५.

पहिला खोका एवढा महाग का, हे त्याच्या फ्लॅपमध्ये दिसतं. रुंदी ३२० असल्याने ४४९ च्या डेकलमधले ३२३ मिमी नुसत्या फ्लॅपमध्ये जातात. भिंतीला उरतात १२६. एवढं करूनही आतल्या दोन फ्लॅपमध्ये १५७ मिमीची फट राहते, तिथे तळाला एकच पदर. चपटा खोका म्हणजे निम्म्याहून जास्त झाकण. लांबी आणि उंची सारखी आणि रुंदी त्यांच्या निम्मी असली की बोर्ड सर्वांत कमी लागतो. तिसरा खोका या प्रमाणाच्या जवळ आहे, म्हणून कागदावर तोच जिंकतो.

पण कागदावरच. थरांमध्ये पॅड टाकायला हवा. दोन थरांना ३१८×२३८ चा एक, म्हणजे एकूण ०.६४५ चौ. मी. तीन थरांना ३१८×१५८ चे दोन, एकूण ०.६३२. फरक उरला दोन टक्के. त्यासाठी सगळ्यात खालच्या बरणीच्या झाकणावर दोन थरांचं ओझं द्यायचं आणि १६० रुंद, ३६० उंच असा ठेच लागली तरी आडवा होणारा खोका उचलायचा? मी नाही म्हणतो. पॅड धरूनही मधला खोका पहिल्यापेक्षा साडेबारा टक्क्यांनी स्वस्त पडतो. तिन्ही पदर १५० जीएसएमचे आणि फ्लूटचा कागद तिसऱ्या हिश्शाने जास्त खपतो असं धरलं, तर एका खोक्यामागे पहिल्याला ३६९ ग्रॅम कागद, मधल्याला पॅडसकट ३२३.

थप्पीचंही पाहा. खोक्याची ताकद परिघाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून पहिला खोका मधल्यापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त पेलेल. मात्र त्याची बाहेरची उंची १३२ मिमी, कारण वर-खाली दोन-दोन फ्लॅप. दीड मीटरच्या थप्पीत असे ११ खोके बसतात, मधले २५२ उंचीचे ५. भरलेला खोका १३ किलोचा धरला तर तळच्या पहिल्या खोक्यावर १३० किलो, मधल्यावर ५२. ताकद वीस टक्के जास्त, पण ओझं अडीचपट.

कारखान्यात रील कुठल्या रुंदीचा पडलाय, तेही विचारून घ्या. १०० सेंमीच्या रीलवर मधल्याची दोन शीटं शेजारी-शेजारी बसतात: ९७८ आणि कडांचा २० मिमी ट्रिम, झाले ९९८. पहिल्याची दोन काढली की ८२ मिमीची पट्टी रद्दीत जाते. तिसऱ्याची दोन त्या रीलवर बसतच नाहीत.

लांबी-रुंदीची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका. मागे एका ऑर्डरवर ३२०×२४० च्या जागी २४०×३२० लिहून आलं आणि मशीनवर तसंच गेलं. कटिंग तेवढंच, डेकल ५६९, म्हणजे बोर्ड सोळा टक्के जास्त. त्यात आतले १६१.५ मिमीचे दोन फ्लॅप २४० मिमीच्या जागेत एकमेकांवर ८३ मिमी चढले. खोका सपाट बंदच होईना.

फाइव्ह प्लाय हवा असेल, तर जुनं ब्लँक तसंच वापरू नका. बोर्ड ६ मिमी धरून, ४० ची पट्टी आणि शेवटची भिंत ३ मिमी कमी घेऊन मधल्या खोक्याचं कटिंग ११८१ आणि डेकल ४९८ होतं. चौरस मीटरमध्ये तीनच टक्के वाढ, पण थ्री प्लायच्या क्रीझवर फाइव्ह प्लाय दुमडलात तर आतून लांबी-रुंदी जवळजवळ तीन मिमीने आकसते आणि चौथी बरणी दाबून बसवावी लागते. शिवाय दोन शीटं ट्रिमसकट १०१६ होतात, म्हणजे १०० चा रील गेला.

पहिलं शीट हातात आलं की एक खोका उभा करून बरण्या भरा आणि वरचे फ्लॅप बंद करा. मधली फट दोन-तीन मिमीपर्यंत चालते. फ्लॅप एकमेकांवर चढले तर डेकल जास्त झालंय. जोडाजवळची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर माप बरोबर असून चिकटवताना शीट तिरकं गेलंय. त्यासाठी आकडे बदलत बसू नका.