बिझनेसचं तिकीट, इकॉनॉमीची सीट: तक्रारीच्या पत्रात नेमकं काय मागायचं?

गेल्या वर्षी मुंबई विमानतळावर आईच्या हातातला 3A चा बोर्डिंग पास काढून घेतला आणि 31E चा दिला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय लांब करून बसता यावं म्हणून बिझनेस क्लास घेतला होता. लंडनपर्यंतचे नऊ-दहा तास ती मधल्या सीटवर अवघडून बसली. नंतर तक्रार लिहायला बसलो तेव्हा प्रश्न पडला, की दोन क्लासमधल्या भाड्याचा फरक मागायचा की नियमात सांगितलेली टक्केवारी?

पहिल्या झटक्यात सगळ्यांना फरकच सुचतो, आणि एअरलाइन्सनाही तो सोयीचा पडतो. कारण फरक कसा काढायचा हे तेच ठरवतात. बऱ्याचदा तुम्ही बुकिंग केलं त्या दिवशीचं इकॉनॉमीचं भाडं न धरता, उड्डाणाच्या आदल्या दिवशीचं महागडं भाडं धरतात. आमच्या बाबतीत एका बाजूचं तिकीट करांसह 1,40,000 रुपयांचं होतं. त्यांनी इकॉनॉमीचं भाडं 1,12,000 लावलं आणि 28,000 रुपये देऊ केले.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे टक्केवारीच्या पत्राला डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाचा आधार आहे. सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 4 मधली ही दुरुस्ती 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. प्रवाशाच्या मनाविरुद्ध क्लास खाली आणला, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 1500 ते 3500 पर्यंत 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. मुंबई–लंडन अंतर सात हजारांच्या वर आहे, म्हणजे आमच्या हिशेबाने 1,05,000 रुपये. एकाच घटनेचे दोन आकडे, 28,000 आणि 1,05,000. म्हणून लांबच्या आणि देशांतर्गत प्रवासासाठी मी बेधडक टक्केवारीचंच पत्र लिहा म्हणेन.

मात्र प्रत्येक वेळी हे गणित तसंच सुटत नाही. चेन्नई–कोलंबोसारखा छोटा प्रवास घ्या. समजा बिझनेसचं तिकीट 40,000 चं आणि बुकिंगच्या दिवशी इकॉनॉमी 15,000 ला होतं. 30 टक्क्यांनी 12,000 मिळतील, पण खरा फरक 25,000 चा आहे. इथे फरकाचं पत्र सरस. मात्र बुकिंगच्या दिवशीच्या भाड्याचा स्क्रीनशॉट जवळ हवा, नाहीतर आकडा त्यांच्याच हातात जातो. तसंच मूळ तिकीट इकॉनॉमीचं आणि वरचा क्लास पॉइंट्स किंवा बोली लावून घेतलेला असेल, तर टक्केवारीवर वाद निघू शकतो. तिथे भरलेली बोली किंवा वापरलेले पॉइंट्स परत मागणं हा सरळ मार्ग.

परतीचं विमान पॅरिस किंवा फ्रँकफर्टहून निघत असेल तर युरोपीय संघाचा नियम 261 लागतो, एअरलाइन भारतीय असली तरी. तिथेही टक्केवारी 30, 50 आणि 75 च आहे. फक्त युरोपीय न्यायालयाच्या 2016 च्या निकालानुसार हिशेब त्या टप्प्याच्या मूळ भाड्यावर होतो, आणि क्लासवर अवलंबून नसलेले कर त्यातून वगळले जातात.

टक्केवारीच्या पत्राचा सगळा भार ‘मनाविरुद्ध’ या शब्दावर आहे. काउंटरवर घाईघाईत एक कागद पुढे करतात, त्यात ‘स्वेच्छेने स्वीकारले’ असं बारीक अक्षरात असू शकतं. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि दोन्ही बोर्डिंग पासचे फोटो काढून ठेवा. आम्ही पहिल्याचा फोटो चेक-इनला सहज काढला होता, तोच कामी आला.

पत्र लहानच असू द्या. आम्ही पीएनआर, तारीख आणि दोन्ही सीट क्रमांक देऊन एवढंच लिहिलं: ‘प्रवाशाच्या संमतीशिवाय बिझनेसमधून इकॉनॉमीत बसवण्यात आले. डीजीसीएच्या सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 4 नुसार करांसह 1,40,000 रुपयांच्या 75 टक्के, म्हणजे 1,05,000 रुपये मूळ खात्यात परत करावेत. व्हाउचर किंवा पॉइंट्स मान्य नाहीत.’ आईच्या गुडघ्याबद्दल मी दोन पानं लिहिली होती, ती काढून टाकली. त्रासाची वेगळी भरपाई मागायची तर ती ग्राहक आयोगात, तिथे ती दोन पानं लागतात.

हे पत्र आधी एअरलाइनच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला, मग अपिलीय अधिकाऱ्याला पाठवा. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि तिकीट पाच लाखांपर्यंतचं असेल तर शुल्क लागत नाही.

आम्हाला अपिलीय अधिकाऱ्याच्या पायरीवर पैसे मिळाले. त्याआधी आलेली 28,000 ची ऑफर ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून होती. ती घेतली असती तर उरलेले 77,000 मागायला तोंड राहिलं नसतं.