सहाव्या मजल्यावरून बाहेर पडायचं कसं: पश्चिम जिना की बी विंग?

सगळ्यांना नमस्कार, पाचव्यावर काम सुरू असेपर्यंत पूर्वेचा जिना बंद आहे, तिथे परांची आणि प्लायवूड आहे. उरले दोन रस्ते. पश्चिम जिना लांब पडतो, अरुंदही आहे, पण फायर डोअर आपोआप बंद होतं त्यामुळे धूर आत शिरत नाही आणि हा जिना थेट गेटबाहेर निघतो. बी विंगचा पॅसेज जवळ, पण तिथल्या दाराला कार्ड लागतं आणि आपला अलार्म वाजला तरी ते लॉक सुटत नाही, कारण बी विंगचं अलार्म पॅनल वेगळं आहे. म्हणून पश्चिम जिनाच वापरा. पाचव्यावरचे स्मोक डिटेक्टर धुळीमुळे झाकलेत, तेव्हा धूर दिसला की अलार्मची वाट न बघता कॉल पॉइंट दाबा. लिफ्ट नकोच.